सातवा आठवडा, पोह्यांच्या फोडणीनेही उलटी होते: काय खाऊ, काय टाळू?

लोकमान्यनगरची_सून | सोमवार, दुपारी ३.१०

नमस्कार. मी इंदूरची. पहिलीच वेळ आहे, सातवा आठवडा संपत आला. पाळी चुकली तेव्हा काहीच त्रास नव्हता, पण गेल्या बारा-तेरा दिवसांपासून सकाळी डोळा उघडला की मळमळ सुरू. माझा दिवस सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

सहाला उठते. सासूबाई प्रेमाने लिंबू-मधाचं कोमट पाणी देतात, मोठा ग्लासभर. त्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी (पाकिटावर लोह आणि फॉलिक अॅसिड असं लिहिलंय) घेते. साडेसहाच्या आत ते सगळं बाहेर. साडेसातला घरात पोह्यांची फोडणी पडते. मोहरी-हिंगाचा वास आला की पुन्हा बेसिन गाठते. आमच्याकडे पोह्यांशिवाय सकाळ होत नाही आणि आजवर मलाही ते फार आवडायचे. मग काही न खाताच शाळेत जाते (मी शिकवते). एकला घरी येऊन पोटभर जेवते, कधी टिकतं, कधी नाही. संध्याकाळी सात वाजता तर सगळ्यात वाईट अवस्था.

सासूबाई दोन वेळा सुंठीचा काढा देतात, एक-एक चमचा सुंठ घालून. त्याने छाती जळते. त्यांना नाही म्हणवत नाही.

कोणी सांगेल का, यात नेमकं काय सुरक्षित आहे आणि काय नाही? डॉक्टरांची पुढची तारीख अजून दोन आठवड्यांनी आहे.

---

ग्वाल्हेरी_अनिल | सोमवार, दुपारी ३.४५

ही सरळसरळ पित्ताची तक्रार आहे. आमच्याकडे अॅसिडिटी झाली की रात्री अविपत्तिकर चूर्ण एक चमचा कोमट पाण्यातून घेतात, सकाळी पोट साफ आणि मळमळ गायब. दिवसभर शिकंजी पीत राहा. मला स्वतःला वीस वर्षांपासून पित्त आहे, या दोन गोष्टींवरच चाललंय.

---

सराफा_खवय्या | सोमवार, दुपारी ४.२०

अनिलराव, ताई गरोदर आहेत. तुम्ही वरचा मजकूर पूर्ण वाचलेला दिसत नाही. आणि इंदुरात शिकंजी मागितली तर लिंबूपाणी नाही मिळत, रबडीसारखं घट्ट, केशर-वेलचीचं दूध मिळतं. ते या दिवसांत प्यायल्या तर काय होईल!

ताई, माझं एकच सांगणं. पहिल्या तीन महिन्यांत कोणतंही औषध पोटात जाऊ देऊ नका. थॅलिडोमाइडची गोष्ट माहीत असेलच. मळमळीसाठीही देत होते ते औषध, आणि हातपाय नसलेली हजारो मुलं जन्मली. त्यापेक्षा आलं खा, जितकं जमेल तितकं. ते नैसर्गिक आहे, त्याने काही बिघडत नाही.

---

नर्मदाकाठ | सोमवार, संध्याकाळी ६.०५

मी एकतीस वर्षं प्रसूती विभागात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. सुनबाई, उपाय सांगण्याआधी मला चार गोष्टी कळायला हव्यात, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे.

दिवसाकाठी उलट्या किती होतात? लघवीला किती वेळा जातेस आणि रंग कसा असतो? दिवस जाण्याआधी वजन किती होतं, आज किती आहे? आणि ताप, पोटात दुखणं किंवा लघवीला जळजळ आहे का?

अनिलभाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर असतं, ते जुलाब करवतं. गरोदरपणी ते मनाने घ्यायचं नाही. एरंडेल आणि कोरफडीचा रसही नाही.

---

लोकमान्यनगरची_सून | सोमवार, रात्री ८.४०

काकू, लगेच उत्तर दिलंत, बरं वाटलं.

उलट्या दिवसातून तीन, एखाद्या दिवशी चार. लघवी पाच-सहा वेळा, सकाळची पिवळी, नंतर फिकट. वजन आधी ५४ किलो होतं, आज घरच्या काट्यावर ५२.५ भरलं. ताप नाही, जळजळ नाही, पोटात दुखत नाही. थकवा मात्र फार.

---

नर्मदाकाठ | सोमवार, रात्री ९.३०

छान सांगितलंस. आता हिशेब करू.

५४ च्या पाच टक्के म्हणजे २.७ किलो. म्हणजे काटा ५१.३ च्या खाली गेला, तर हा नेहमीचा डोहाळ्यांचा त्रास राहत नाही, तपासणी लागते. तुझं दीड किलो गेलंय, अजून त्या रेषेच्या वर आहेस. एकाच काट्यावर, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, दोन-तीन दिवसांनी वजन कर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. रोज करू नकोस, उगाच जीव घाबरा होतो.

लघवी पाच-सहा वेळा आणि फिकट, म्हणजे पाणी पोटात टिकतंय. सध्या हे सगळ्यात महत्त्वाचं. उलट्या किती झाल्या यापेक्षा आत किती राहिलं हे मी नेहमी आधी विचारायची. आठ तास लघवीच झाली नाही किंवा चहासारखी गडद झाली, दिवसभर घोटभर पाणीही टिकलं नाही, उलटीत रक्त दिसलं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप आला किंवा पोटात दुखायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. रात्र असली तरी.

आता तुझी सकाळ. रात्रभराच्या रिकाम्या पोटावर तू तीन गोष्टी एकदम टाकतेस: ग्लासभर पातळ, त्यात आंबट, आणि वर लोह. या दिवसांत पोट हळू रिकामं होतं. अगदी रिकामं असलं तरी ढवळतं आणि एकदम ताणलं गेलं तरी ढवळतं. म्हणून काय खातेस यापेक्षा केव्हा आणि किती खातेस, इथून सुरुवात करू.

रात्री उशाशी एक डबी ठेव. त्यात टोस्ट, साळीच्या लाह्या, परमल, फुटाणे, जे आवडेल ते कोरडं. डोळा उघडला की उठायचं नाही. कुशीवर पडून किंवा उशीला टेकून दोन-चार घास चावून खा, घाई नको, आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहा. मग हळूच ऊठ. पाणी त्यानंतर अर्ध्या तासाने, आणि ग्लासभर नाही, दोन-तीन घोट. लिंबू आवडत असेल तर त्या घोटांत असू दे, त्यात वावगं काही नाही. फक्त ग्लास रिचवायचा नाही.

पुढे दर दीड-दोन तासांनी मूठभर. शाळेत आठ ते एक रिकाम्या पोटी राहतेस, तो सगळ्यात मोठा घोळ आहे. एकची मळमळ तिथेच तयार होते. दोन तासांच्या मधल्या वेळात चार फुटाणे तोंडात टाकले तर कोणी काही म्हणणार नाही. नुसत्या बिस्किटांपेक्षा फुटाणे, दाणे, घट्ट दही, पनीरचा तुकडा यांनी मळमळ जास्त वेळ लांब राहते. जेवताना पाणी नको, जेवणाच्या आधी किंवा नंतर अर्धा तास सोडून. आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही.

गोळी आणि काढ्याचं उद्या लिहिते, डोळे दुखतात.

---

बडोद्याची_मेघना | मंगळवार, सकाळी ७.५५

काकूंनी ‘त्याच दिवशी’ लिहिलंय, त्यावर माझा अनुभव सांगायलाच हवा. मी बडोद्याला असते. चार वर्षांपूर्वी पहिल्या वेळी मला दिवसाला बारा-पंधरा उलट्या व्हायच्या. घरातले, शेजारच्या, सगळे म्हणायचे की डोहाळे आहेत, मनावर घेऊ नकोस, आमच्या वेळी विहिरीवरून पाणी आणायचो. एका दवाखान्यात तर मला सांगितलं गेलं की तुम्हाला मूल नकोय का मनातून. मी तीन दिवस रडत होते.

अकराव्या आठवड्यात बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले, तेव्हा दुसरीकडे नेलं. वजन ५८ वरून ५२ वर आलं होतं. लघवीच्या तपासणीत कीटोन भरपूर निघाले, रक्तातलं पोटॅशियम खाली गेलं होतं. पाच दिवस सलाईनवर होते. तिथल्या डॉक्टरांनी साखरेची बाटली लावण्याआधी ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, इतके दिवस पोटात काही टिकलेलं नसताना आधी साखर गेली तर उरलंसुरलं ब-१ संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. ते मी कधी विसरले नाही.

सुनबाई, तुमचं तसं नाही हे दिसतंय. पण कोणी ‘मनाचं आहे’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

---

सराफा_खवय्या | मंगळवार, सकाळी ९.१५

मेघनाताई, वाचून वाईट वाटलं. तरी माझा मुद्दा कायम आहे. तुमच्यावर वेळ आली म्हणून औषधं घ्यावी लागली. यांना साध्या उलट्या आहेत, त्यांनी का धोका पत्करावा?

---

नर्मदाकाठ | मंगळवार, सकाळी ११.३०

खवय्येभाऊ, थॅलिडोमाइडबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ते १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विकायला आलं, १९६१ मध्ये मागे घेतलं, आणि मधल्या काळात फार मोठा अनर्थ झाला. गरोदर बाईला औषध देताना जगभर जी काळजी घेतात, ती तेव्हापासून. पण त्यावरून प्रत्येक औषध विष ठरत नाही. मळमळीसाठी डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची एकत्र गोळी असते. ती अमेरिकेत १९५६ पासून होती. बाळाला दोष येतो असे दावे कोर्टात गेले, त्या खर्चाला कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये ती बंद केली. पुढे लाखो गरोदर बायकांची माहिती तपासली, दोष वाढल्याचं आढळलं नाही, आणि २०१३ मध्ये तिथल्या सरकारी खात्याने त्याच दोन औषधांच्या गोळीला पुन्हा मंजुरी दिली. शेजारी कॅनडात ती कधी बंदच नव्हती. आपल्याकडेही डॉक्टर हीच गोळी लिहून देतात.

साधारण पद्धत अशी की आधी खाण्याची वेळ सुधारायची, जमलं नाही तर नुसतं ब-६, आणि तरी नाही तर ही जोडगोळी. ती रात्री झोपताना सुरू करतात, कारण गोळी उशिरा विरघळते आणि तिचा जोर सकाळी लागतो. झोप येते, म्हणून घेतल्यावर गाडी चालवायची नाही. आणि मनाने दुकानातून ब-६ च्या जास्तीच्या गोळ्या आणून वर घ्यायच्या नाहीत. ते जास्त मात्रेत फार दिवस घेतलं तर हातापायांना मुंग्या येतात, नसांना त्रास होतो.

आता सुनबाईची गोळी. तिच्यात लोह आहे आणि लोहाने मळमळ वाढते. सरकारी पद्धतीतही पहिले तीन महिने फक्त फॉलिक अॅसिड असतं, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून. मात्र तुझं हिमोग्लोबिन कमी असेल म्हणून डॉक्टरांनी आधीच दिली असेल, ते मला इथून कळणार नाही. म्हणून आज फोन कर आणि एवढंच विचार: ‘सकाळी लोह टिकत नाही, सध्या नुसतं फॉलिक अॅसिड घेऊ का?’ मनाने दोन्ही बंद करू नकोस. बाळाच्या पाठीच्या कण्याची घडण याच सुरुवातीच्या आठवड्यांत होते, फॉलिक थांबवायचं नाही. ते रात्रीच्या घासाबरोबर घेतलं तरी चालतं.

---

वैद्य_सायली | मंगळवार, दुपारी २.४०

मी वैद्य आहे, ग्वाल्हेरला प्रॅक्टिस करते. सुंठीबद्दल लिहिते.

आल्याने मळमळ कमी होते, हे आधुनिक अभ्यासांतही दिसलंय. मळमळीवर फरक जास्त, प्रत्यक्ष उलट्यांवर कमी. पण त्या अभ्यासांत मात्रा दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठीची, तीन-चार वेळा विभागून. एक ग्रॅम म्हणजे चहाचा चमचा सपाट भरला तर त्याचा अर्धा. ताई, तुमच्याकडे एक-एक चमचा दोन वेळा जातोय, शिगोशीग भरत असाल तर त्याहून जास्त. म्हणजे चौपट. छाती जळणारच.

सासूबाईंना थांबवायचं नाहीये, फक्त चमचा बदलायचा. सुंठीची एक चिमूट गुळाच्या छोट्या खड्याबरोबर, दिवसातून तीन-चार वेळा. किंवा ताजं आलं किसून दिवसभरात मिळून एक लहान चमचा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा रक्तस्राव झाला असेल तर सुंठ-आलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खवय्येसाहेब, ‘जितकं जमेल तितकं’ हे आमच्या शास्त्रातही नाही. मात्रा हाच औषधाचा प्राण.

आणि लाजमंड करून बघा. साळीच्या लाह्या एक वाटी, चार वाट्या पाणी, मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवून गाळायचं, चिमूटभर सैंधव आणि थोडी साखर घालायची. गार करून चमच्याने घ्यायचं. उलटीवर आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या हेच देतात आणि पोटाला हलकं पडतं.

---

नर्मदाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ५.१०

लाह्यांच्या पाण्याला माझंही अनुमोदन, वॉर्डात बायकांचे नातेवाईक डब्यात आणायचे. सायलीताई, एक विचारते. आयुर्वेदातल्या भस्मांबद्दल तुमचं काय मत? मला गरोदर बाईला भस्म दिलेलं कधी पटलं नाही.

---

वैद्य_सायली | मंगळवार, संध्याकाळी ५.५०

काकू, या काळात मीही देत नाही. नीट न झालेल्या किंवा कुठून आली ते माहीत नसलेल्या भस्मांत शिसं-पारा निघाल्याची उदाहरणं आहेत. माझे काही सहकारी याबाबत वेगळं मत ठेवतात, पण मी स्वयंपाकघरातल्या गोष्टींपलीकडे जात नाही.

---

बडोद्याची_मेघना | मंगळवार, रात्री ९.०५

शिशावरून आठवलं. आमच्याकडे बाजारात भुतडो मिळतो, खायची भाजलेली माती. दिवस गेलेल्या बायकांना तिचा वास फार ओढतो, मीही दुसऱ्या वेळी आणून लपवून खायची. जीभ लावली की पहिल्या पावसासारखं वाटायचं आणि मळमळ पाच मिनिटं थांबायची. माझ्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हिमोग्लोबिन तपासलं, ते ८.६ निघालं. म्हणाल्या, माती खावीशी वाटणं हे बऱ्याचदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं, आणि मातीत शिसं, जंत काहीही असू शकतं, वर ती खाल्लेलं लोहही अडवते. लहान वाटलं तरी सांगायला हवं, म्हणून लिहिते. कोणाला माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लाजू नका, तपासणी करा.

---

लोकमान्यनगरची_सून | बुधवार, सकाळी १०.२०

सगळ्यांचं वाचलं. डॉक्टरांना फोन केला. हिमोग्लोबिन ११.८ आहे, म्हणून लोह बाराव्या आठवड्यापर्यंत थांबवून नुसतं फॉलिक चालेल म्हणाल्या. हे विचारायला हवं होतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काढ्याचं सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी स्वतः तोच चमचा घेऊन सुंठ मोजली, मग अर्धी परत बरणीत ओतली. म्हणाल्या, आमच्या वेळी कोणी मोजून सांगितलंच नाही.

आज डबीतले दोन टोस्ट पडल्या-पडल्या खाल्ले. उठल्यावर मळमळ होती पण उलटी झाली नाही. साडेसातच्या फोडणीचं मात्र काय करू? स्वयंपाकघराचं दार बंद केलं तरी वास येतो. आणि दात घासतानाही होते.

---

पाटनीपुऱ्याचा_मंदार | बुधवार, दुपारी १२.१५

माझ्या बायकोला गेल्या वर्षी हाच त्रास होता, म्हणून वासाबद्दल मी सांगू शकतो. गरम अन्नातून वाफेबरोबर वास उठतो, गार अन्नातून फार कमी. म्हणून तीन महिने तिचं सगळं गार असायचं. दहीभात, गार पोळी, गार उकडलेला बटाटा मीठ लावून. सकाळची फोडणी मी साडेपाचला उठून द्यायचो आणि खिडकी उघडून पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून लावायचो. ती उठेपर्यंत हवा स्वच्छ व्हायची. पोहे तुम्हालाही सोडायला नकोत: नुसते भिजवलेले, दही, मीठ, थोडी साखर, फोडणी नाही, शेव नाही, जिरावण नाही. बायको ते रोज खायची.

आमसुलाच्या पाण्याचा बर्फ करून ठेवा. पातळ टिकत नसे तेव्हा ती खडा चोखायची, तासाभरात अर्धी वाटी तरी आत जायचं.

---

नर्मदाकाठ | बुधवार, दुपारी ४.००

मंदार, शाबास रे बाळा.

दातांचं: सकाळी उठल्या-उठल्या घासू नकोस, पोटात काही गेल्यावर तासाभराने घास. लहान मुलांचा ब्रश घे, जिभेच्या मागच्या भागाकडे नेऊ नकोस. उलटी झाल्यावर लगेच घासू नये, पोटातल्या आम्लाने दातांचं वरचं आवरण मऊ पडलेलं असतं, ते खरवडून निघतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भर, अर्ध्या तासाने घास. हा सोडा फक्त चूळ भरायला, प्यायला नाही. पित्तावरची फसफसणारी पाकिटंही रोज पिऊ नका, त्यात सोडियम फार.

---

सराफा_खवय्या | बुधवार, रात्री ८.२५

सिस्टर, १९८३ ची गोष्ट मला माहीत नव्हती. मी माझ्या वहिनीलाही औषध घेऊ नको असंच सांगितलं होतं, ती बिचारी चौदाव्या आठवड्यापर्यंत तशीच काढत राहिली. तिला आता फोन करतो. पण एक शंका. हा त्रास मुळात होतोच का? आणि एकीला तीन उलट्या, दुसरीला पंधरा, असं का?

---

वैद्य_सायली | बुधवार, रात्री ९.४५

याचं बरंचसं उत्तर अलीकडे मिळालंय. वार जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक तयार करते, ते रक्तातून मेंदूच्या उलटीच्या केंद्राशी जातं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की ज्या बाईच्या शरीरात हे संप्रेरक आधीपासून कमी असतं, तिला ते अचानक वाढल्यावर जास्त त्रास होतो. ज्यांच्यात आधीपासून जास्त असतं, त्यांना सवय झालेली असते. म्हणून हा प्रकार आई-मुलीत, बहिणींत दिसतो. मेघनाताई, तुमच्या पंधरा उलट्यांना तुमच्या मनाशी काही घेणंदेणं नव्हतं.

---

बडोद्याची_मेघना | बुधवार, रात्री १०.१०

हे मला चार वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं. आत्ता आईला पाठवलं, तिलाही माझ्या वेळी असंच झालं होतं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी त्रास वाढायच्या आधीच, पाचव्या आठवड्यातच ती रात्रीची गोळी सुरू केली. उलट्या झाल्या, पण दवाखान्यात राहावं लागलं नाही. ज्यांना पहिल्या वेळी खूप त्रास झालाय त्यांनी दिवस गेल्याचं कळताच हे विचारून घ्या.

---

ग्वाल्हेरी_अनिल | गुरुवार, सकाळी ८.३०

मी आधी नीट न वाचता लिहिलं, ताई माफ करा. ते चूर्ण घेऊ नका. माझ्या भाचीला पाचवा महिना आहे आणि तिला परवापासून उलट्या सुरू झाल्यात, आधी काहीच नव्हतं. तिलाही टोस्ट आणि लाह्या सांगू का?

---

नर्मदाकाठ | गुरुवार, सकाळी ९.००

अनिलभाऊ, नाही. आजच दाखवायला पाठवा. डोहाळ्यांच्या उलट्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होतात, आठ ते दहाच्या सुमारास जोर करतात आणि बहुतेकींच्या चौदा-सोळापर्यंत ओसरतात. नवव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच उलट्या सुरू झाल्या तर कारण दुसरं शोधायचं: लघवीचा जंतुसंसर्ग, कावीळ, पित्ताशयाचे खडे, पोटाचं इन्फेक्शन. पाचव्या महिन्यात रक्तदाबही मोजायला हवा. डोकं दुखतंय का, पायावर-चेहऱ्यावर सूज आहे का, विचारा आणि मला कळवा.

---

ग्वाल्हेरी_अनिल | गुरुवार, रात्री ७.४५

दाखवून आलो. रक्तदाब ठीक, लघवीत संसर्ग निघाला, औषध चालू केलं. सिस्टर, मी तिला खरंच लाह्या खायला सांगून घरी बसवणार होतो.

---

लोकमान्यनगरची_सून | पुढच्या आठवड्यातला शनिवार, दुपारी १.२०

दहा-अकरा दिवसांनी लिहिते आहे. नववा आठवडा चालू आहे. मळमळ गेलेली नाही, उलट गेल्या तीन-चार दिवसांत वाढलीच होती. पण उलट्या दिवसाला एक, एखाद्या दिवशी एकही नाही. वजन सोमवारी ५२.४ झालं तेव्हा घाबरले, काल ५२.८ भरलं. कॅलेंडरवर लिहिते.

शाळेत दुसऱ्या आणि चौथ्या तासानंतर फुटाणे. त्यामुळे एकची मळमळ जवळजवळ थांबली. संध्याकाळची सातची मात्र अजून आहे. पाचला घट्ट दही खाल्लं तर थोडी बरी असते. काल काल्याच्या पोह्यांची वाटी पूर्ण संपवली, मंदारदादा, दही घालून.

सोनोग्राफी झाली, एकच बाळ आहे, ठोके ऐकले. रात्रीची गोळी डॉक्टरांनी लिहून दिलीय, लागली तर घे म्हणाल्या. अजून घेतली नाही, पण पर्समध्ये चिठ्ठी आहे आणि भीती वाटत नाही.

एक विचारायचं राहिलं. मनगटावर तीन बोटं खाली दाबायची जागा असते, तिथे घालायचा पट्टा मैत्रिणीने आणून दिलाय. घालू का?

---

नर्मदाकाठ | शनिवार, दुपारी २.१५

घाल. अभ्यासांत कधी फायदा दिसतो, कधी नाही, पण इजा काही नाही. माझ्या वॉर्डात दोघींना खूप बरं वाटलं, तिघींनी काढून ठेवला. सातच्या वेळेला घालून बघ आणि तुला काय वाटलं ते लिही.

---

वैद्य_सायली | शनिवार, दुपारी ३.३०

सातच्या मळमळीसाठी शाळेतून आल्यावर अर्धा तास झोपता येतंय का ते बघा. थकव्याने ती वाढते. जेवणाआधी झोपा, नंतर नको.

---

लोकमान्यनगरची_सून | शनिवार, दुपारी ३.४०

आज झोपते. सासूबाईंनी आत्ताच पडदे ओढलेत.